पाच सेंटिमीटर पाण्याची राखण

आज एक काम करा. तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, जिथे सहसा कुणी फिरकत नाही तिथे जा आणि मान वर करून भिंतीकडे बघा. चार-पाच पाइप खालपासून वरपर्यंत गेलेले दिसतील. इमारत जुनी असेल तर बीडाचे, नवी असेल तर पीव्हीसीचे. कुणी जाड, कुणी बारीक. त्यांतला एखादा तर गच्चीचा कठडा ओलांडून वर डोकं काढून उभा असेल आणि त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी असेल.

हे सगळे घाण पाण्याचे पाइप, असं म्हणून आपण तिथून निघून येतो. पण गंमत अशी, की यांतल्या एका पाइपात पाणी वाहणं अपेक्षितच नाही. त्यातून फक्त हवा ये-जा करते. आणखी एकात थेट ढगातून आलेलं पाणी असतं, त्यात घाण मिसळली तर ती चूक समजायची. म्हणजे खऱ्या घाण पाण्याचे पाइप दोनच, आणि त्या दोघांचंही आपसात जमत नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे इमारतींच्या सेवांचं शिक्षण घेणार असेल किंवा आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकत असेल, तर या चौघांची ओळख पक्की करून घ्या. परीक्षेत हा प्रश्न येतोच, आणि कामावर तर रोज येतो.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. चौघांपैकी तिघं पायाशी ओळखू येतात आणि एक डोक्याशी. जो जाड पाइप, साधारण 100 मिलीमीटर व्यासाचा, शौचालयांच्या मागून खाली येतो आणि सरळ जमिनीत शिरून चेंबरला मिळतो, तो सॉइल पाइप. त्यात फक्त कमोडचं, भारतीय बैठकीच्या शौचालयाचं आणि मुतारीचं पाणी. त्याच्या शेजारी जरा बारीक, बहुतेक वेळा 75 मिलीमीटरचा पाइप असतो. तो न्हाणीघर, बेसिन आणि स्वयंपाकघराच्या सिंकचं पाणी आणतो आणि जमिनीलगतच्या एका चौकोनी, जाळी बसवलेल्या खड्ड्याशी येऊन थांबतो. त्या खड्ड्यात असतो गली ट्रॅप, आणि हा पाइप म्हणजे वेस्ट पाइप. जो गच्चीच्या कोपऱ्यातून निघतो, मध्ये कुणाच्याही घराला न शिवता खाली येतो आणि जमिनीच्या थोडं वर तोंड वळवून उघडा सुटतो, तो पावसाच्या पाण्याचा पाइप. आणि जाळीची टोपी घालून गच्चीच्या वर उभा राहिलेला तो व्हेंट पाइप. मात्र टोपी दिसली की लगेच व्हेंट म्हणू नका. सॉइल पाइपही गच्चीच्या वरपर्यंत नेऊन उघडा ठेवतात. कुठल्या पाइपाला शौचालयाची जोडणी आहे आणि कुठल्याला नाही, हे बघूनच ठरवायचं.

ओळख झाली. पण एवढे वेगळे पाइप हवेतच कशाला? एकच मोठा पाइप टाकला तर चालणार नाही का?

याचं उत्तर एका छोट्याशा गोष्टीत आहे. तुमच्या कमोडमध्ये डोकावलात तर तळाशी थोडं पाणी साचलेलं दिसतं. कितीही वेळा फ्लश करा, ते पुन्हा तिथे येतंच. न्हाणीघराच्या जाळीखाली, ज्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, तिथेही असंच पाणी साचलेलं असतं. बेसिनखालच्या बाटलीसारख्या भांड्यातही. वाकड्या वळणात मुद्दाम अडवून ठेवलेल्या या पाण्याला वॉटर सील म्हणतात. कमोडमध्ये त्याची खोली असते 50 मिलीमीटर, म्हणजे फक्त पाच सेंटिमीटर. गटारातला वायू, सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड, झुरळं आणि तुमचं घर, यांच्यामध्ये उभं आहे ते एवढंच पाणी. घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसानं 1775 मध्ये लंडनमध्ये शौचालयाच्या अशा वळणदार नळीचं पेटंट घेतलं. आजही जगभर युक्ती तीच आहे.

आता एक ग्लास पाणी आणि एक स्ट्रॉ घ्या. स्ट्रॉमधून पाणी फक्त पाच सेंटिमीटर वर चढेल इतकंच ओढा. किती जोर लागला? जवळजवळ काहीच नाही. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. त्याच्या दोनशेव्या भागाएवढा दाब कमी झाला, की पाच सेंटिमीटर पाणी जागचं हलतं. म्हणजे पाइपातल्या हवेनं तुमच्या त्या हलक्या ओढीएवढी जरी ओढ घेतली, तरी ट्रॅपमधलं पाणी खेचलं जाऊन सील फुटू शकतं. चारही पाइपांमधले फरक नीट बघितले तर ते या नाजूक पाण्याच्या राखणीसाठीच केलेले दिसतात.

मग पाइपातली हवा ओढ घेते तरी का? चला, पाण्याबरोबर खाली जाऊ.

समजा चार मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी फ्लश केला. पाणी सॉइल पाइपात शिरलं. आपल्याला वाटतं, ते मधोमध दगडासारखं खाली कोसळत असेल. तसं होत नाही. पाणी पाइपाच्या भिंतीला चिकटून, गोल पडद्यासारखं उतरतं आणि मधोमध हवेची पोकळी राहते. भिंतीच्या घर्षणामुळे त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही. तीन-चार मीटर उतरेपर्यंत तो सेकंदाला साधारण तीन ते पाच मीटर होतो आणि तिथेच स्थिरावतो. वीस मजल्यांच्या, म्हणजे साठेक मीटर उंचीवरून एखादा दगड सोडला तर तो खाली पोचताना ताशी 120 किलोमीटरच्या वर गेलेला असेल. त्याच उंचीवरून पाइपातून आलेलं पाणी मात्र दुसऱ्या मजल्यावरून आलेल्या पाण्याइतक्याच वेगानं खाली पोचतं! उंच इमारतीत पाणी जोरात आपटून खालचा पाइप फुटेल, अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. तिच्यावर हे उत्तर आहे.

पण ही पोकळी उगाच नाही. उतरणारं पाणी आपल्याबरोबर मधली हवाही खाली ओढत नेतं, आणि तीही स्वतःच्या आकारमानाच्या कितीतरी पट. म्हणून पाइप काठोकाठ भरेल असा कधी आखत नाहीत. जास्तीत जास्त पाव ते एक तृतीयांश भाग पाण्याला, बाकी सगळा हवेला. पाइप पूर्ण भरला तर पाण्याचा दट्ट्या तयार होतो, आणि इंजेक्शनच्या पिचकारीसारखा तो वरच्या बाजूला ओढ आणि खालच्या बाजूला दाब निर्माण करत जातो.

खाली गेलेल्या हवेची जागा भरायला वरून नवी हवा यायला हवी. तिसऱ्या मजल्याच्या जोडणीपाशी पाण्याचा पडदा आडवा आला की वरची हवा अडते, आणि त्याच्या लगेच खाली, म्हणजे दुसऱ्या मजल्यापाशी, हवा कमी पडते. आता ही कमी पडलेली हवा कुठून मिळवायची? जवळचा रस्ता म्हणजे दुसऱ्या मजल्याचा ट्रॅप. तिथलं पाणी गुडगुड करतं, हिंदकळतं आणि थोडं थोडं पाइपात ओढलं जातं. फ्लश करणारा तिसऱ्या मजल्यावर आणि सील गेलं ते दुसऱ्याचं! याला सायफनेज म्हणतात.

तळमजल्यावर प्रकार उलटा होतो. उतरणारं पाणी खालच्या वळणावर आडवं झालं की एकदम मंदावतं, उसळतं आणि पाइप क्षणभर भरून टाकतं. वरून आलेल्या हवेला पुढे वाट मिळत नाही. ती दाबली जाते आणि तळमजल्याच्या कमोडमधून बुडबुडे काढत बाहेर येऊ बघते. म्हणून जाणकार प्लंबर तळमजल्याचं शौचालय त्या उभ्या पाइपाला जोडतच नाहीत. त्याची वेगळी लाइन थेट चेंबरला नेतात, आणि मुख्य पाइपाच्या पायाशी काटकोनी वळण न देता मोठ्या गोलाईचं वळण देतात.

व्हेंट पाइपाचं काम आता तुमच्या लक्षात आलं असेल. तो बारीक असतो, 50 ते 75 मिलीमीटरचा. प्रत्येक मजल्यावर ट्रॅपजवळून एक फांदी त्याला मिळते, आणि वर तो गच्चीबाहेर उघडा असतो. दुसऱ्या मजल्यापाशी हवा कमी पडली की व्हेंटमधून ती लगेच येते. खाली दाब वाढला तर व्हेंटच्याच खालच्या टोकातून त्याला सुटायला वाट मिळते. सील जागच्या जागी राहतं. जमलेला वायूही वाऱ्यावर, माणसांच्या नाकाच्या बराच वर निघून जातो. म्हणूनच त्याचं तोंड खिडक्यांपासून दूर आणि गच्चीवर फिरणाऱ्यांच्या डोक्याच्या वर ठेवतात. अजून एक बारकावा. व्हेंटच्या फांद्यांना हलका उतार देतात, सॉइल पाइपाकडे उतरणारा. आत दमटपणा जमून झालेले थेंब त्यामुळे मागे ओघळून जातात. उतार उलटा पडला तर मधल्या खोलगट भागात पाणी साचतं आणि हवेची वाट बंद होते. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता सॉइल आणि वेस्ट यांच्या भांडणाकडे येऊ. दोन्हीत घाण पाणीच, मग दोन वेगळे पाइप कशाला? गली ट्रॅप आठवा. वेस्ट पाइपाच्या पायाशी असलेला तो खड्डा म्हणजे आणखी एक वॉटर सील. गटाराचा वायू वेस्ट पाइपात चढूच शकत नाही, कारण त्याला दारातच पाणी आडवं येतं. समजा घरातला नहाणी ट्रॅप कोरडा पडला, तरी फार तर साबणाचा कुबट वास येईल, गटार घरात येणार नाही. मग सॉइल पाइपही गली ट्रॅपला का नाही जोडत? कारण मैला त्या उथळ वळणात अडकून बसेल. त्याला थांबा नको, सरळ वाट हवी. स्वयंपाकघराच्या तेलकट पाण्याचं याच्या उलट आहे. ते पाइपाच्या भिंतींवर थर चढवत जातं, आणि त्याला वरचेवर साफ करता येईल अशी उघडी जागा लागते. या पद्धतीला दोन पाइपांची पद्धत म्हणतात. जुन्या चाळी आणि सोसायट्यांत बहुतेक हीच दिसते, आणि माझ्या मते राखणीच्या दृष्टीनं ती सगळ्यांत दणकट.

उंच इमारतींत जागा आणि खर्च वाचवायला सगळं पाणी एकाच उभ्या पाइपात घेतात आणि जोडीला व्हेंट देतात. ही झाली एक पाइपाची पद्धत. तिथे गली ट्रॅपचा दुसरा पहारेकरी नाही. म्हणून बेसिन आणि न्हाणीघराच्या ट्रॅपची सीलं खोल, 75 मिलीमीटरची, ठेवतात. कधी व्हेंटही वगळून एकाच पाइपावर भागवतात. तेव्हा मात्र जोडण्यांचं अंतर आणि उतार काटेकोर सांभाळावे लागतात, कारण चूक पोटात घालायला कुणी उरलेलं नसतं.

राहिला पावसाचा पाइप. त्याला ट्रॅप नाही आणि व्हेंटही नाही. त्यात वास मारणारं काही नसतं, आणि तो वर-खाली दोन्हीकडे मोकळा असतो. पण कुणी म्हणेल, गच्चीचं पाणी सॉइल पाइपातच सोडलं तर? एक पाइप वाचेल की!

हिशोब करून बघू. 100 चौरस मीटरची गच्ची घ्या आणि तासाला 100 मिलीमीटर पाऊस धरा. तासाभरात पडलेलं पाणी 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर. 3,600 सेकंदांनी भागलं की सेकंदाला जवळजवळ 2.8 लिटर. कमोडचा फ्लश सेकंदाला दोन लिटरच्या आसपास पाणी सोडतो, पण पाच-सहा सेकंदच. पाऊस मात्र त्याहून मोठा लोंढा तासभर सोडत राहणार. हवेसाठी राखून ठेवलेली पोकळी भरून जाईल, आणि त्याच वेळी कुणी फ्लश केला तर प्रत्येक मजल्यावरची सीलं एकेक करून जातील. शिवाय मुंबईसारख्या शहरात सांडपाण्याची वाहिनी आणि पावसाची वाहिनी रस्त्याखालीसुद्धा वेगळ्या आहेत. सांडपाण्याच्या वाहिनीत पाऊस घुसला तर ती तुंबून चेंबरमधून उलटी उसळते.

मग त्या गच्चीला पावसाचे पाइप किती लागतील? आपल्याकडे वापरात असलेल्या कोष्टकाप्रमाणे एवढ्या जोराच्या पावसात 100 मिलीमीटरचा एक पाइप 42.7 चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो. 100 भागिले 42.7 म्हणजे 2.34. अडीचही नाही, पण पाइप तुकड्यांनी बसवता येत नाही, म्हणून तीन. यातही जाळ्या स्वच्छ आहेत असं धरलंय. एका जाळीवर पिंपळाची पानं बसली की उरलेल्या दोघांवर भार. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला होता. आपल्या हिशोबाच्या गच्चीवर त्या दिवशी 94,400 लिटर पाणी पडलं असतं.

पावसाच्या पाइपाबाबत एक चूक आज घरोघरी दिसते. बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवतात, आणि समोरच पाइप दिसतो म्हणून तिचं पाणी त्यात सोडतात. तो पाइप नेमका पावसाचा असतो. साबणाचं पाणी मग सांडपाणी-शुद्धीकरणाकडे न जाता पावसाच्या गटारातून थेट नाल्यात, नदीत जातं. सोसायटीनं पावसाचं पाणी जिरवण्यासाठी खड्डा केला असेल तर साबण जमिनीत आणि बोअरवेलमध्ये उतरतो. तुमच्या बाल्कनीतला पाइप कुठे सुटतो, हे खाली जाऊन एकदा बघून या. उन्हाळ्यात त्याच्या तोंडातून फेस येत असेल, तर कुणीतरी चूक केलेली आहे.

घरात वास येऊ लागला तर दोष कुठल्या पाइपात आहे, हे एका तांब्याभर पाण्यानं बऱ्यापैकी कळतं. नहाणी ट्रॅपमध्ये ते ओता. वास गेला आणि बरेच दिवस आलाच नाही, तर ट्रॅप नुसता वाळला होता. वास गेला, पण दुसऱ्या दिवशी सकाळची सगळ्यांची गडबड उरकताच परत आला आणि मधूनमधून गुडगुडही ऐकू आली, तर कुणीतरी पाणी खेचतंय. गच्चीवर जाऊन व्हेंट बघा. पक्ष्यानं घरटं केलेलं असेल, किंवा वॉटरप्रूफिंग करताना कुणी पाइप कापून तोंडच बुजवलं असेल. आणि पाणी ओतूनही वास हलला नाही, तर सील ठीक आहे. कुठेतरी सांधा सुटलाय किंवा पाइपाला चीर गेलीय. तिथे प्लंबर पाइपात धूर सोडून तो कुठून निघतो ते शोधतात.

वासावर निभावलं तर ठीकच, पण नेहमी निभावत नाही. मार्च 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाची तीनशेहून जास्त माणसांना लागण झाली आणि 42 जण गेले. तिथे एकावर एक असलेल्या घरांची न्हाणीघरं आणि शौचालयं एकाच उभ्या सॉइल पाइपाला जोडलेली होती. लोक न्हाणीघराची फरशी पाणी ओतून धूत नसत, फडक्यानं पुसून घेत. त्यामुळे जमिनीवरच्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. न्हाणीघराचा पंखा लावला की तो बाहेरची हवा ओढण्याऐवजी त्या कोरड्या ट्रॅपमधून सॉइल पाइपातली हवा आणि जंतू असलेले बारीक थेंब घरात ओढत असे. तपास करणाऱ्यांनी रोग पसरण्याची जी वाट दाखवली, तिच्यात हे कोरडे ट्रॅप महत्त्वाचे होते.

त्यानंतर हाँगकाँगच्या रहिवाशांना एक साधी सूचना दिली जाऊ लागली: आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओता. आपल्या घरातही जी मोरी वापरात नाही, पाहुण्यांचं जे न्हाणीघर महिनोन्‌महिने बंद असतं, तिथे हे काम आजपासून तुम्ही अंगावर घ्या. आणि मे महिन्यात गावाहून परतलात, की खिडक्या उघडायच्या आधी सगळ्या जाळ्यांत एकेक तांब्या पाणी ओता.